पार्शल फ्रॅक्शनमध्ये चार समीकरणं टाळायची कशी?

प्रश्न: (6x² − 3x + 7) / ((x−1)²(x²+4)) याचं इंटिग्रेशन करायचंय. A, B, C, D धरून चार समीकरणं सोडवत बसतो, पानभर लिहून शेवटी एखादं चिन्ह चुकतंच. लवकर काढायची काही पद्धत आहे का? आणि x²+4 वर नुसता C का चालत नाही?

उत्तर:

चार समीकरणं मीपण बारावीत वर्षभर सोडवलीत, क्लासमध्ये तेच घोटून घेतलं होतं, नंतर कळलं की या गणितात एकही समीकरण सोडवावं लागत नाही. कांद्यासारखं एकेक पापुद्रा काढत जायचं.

मांडणी अशी:

```
A/(x−1) + B/(x−1)² + (Cx+D)/(x²+4)
```

सगळ्यात आधी B, म्हणजे सगळ्यात मोठ्या घातावरचा. (x−1)² बोटाने झाका आणि उरलेल्यात x = 1 घाला. वर 6−3+7 = 10, खाली 1+4 = 5, म्हणून B = 2. बोटाने झाकणं म्हणजे दोन्ही बाजूंना (x−1)² ने गुणून x = 1 ठेवणं, पेपरात लिहिताना तसं लिहा.

आता बरेचजण इथेच A साठीपण x = 1 घालायला जातात आणि अडकतात, कारण नुसता एक (x−1) झाकला तर खाली दुसरा उरतो आणि शून्याने भागाकार होतो. म्हणून आधी B चा तुकडा वजा करून टाका. छेद सारखा करून वरचं फक्त लिहायचं:

```
6x² − 3x + 7 − 2(x²+4) = 4x² − 3x − 1 = (x−1)(4x+1)
```

बघा, (x−1) बाहेर आला. तो येणारच, कारण B आपण असाच निवडला की x = 1 ला वरचं शून्य व्हावं, आणि नाही आला तर समजायचं B चुकलाय, पुढे जायचंच नाही. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा हाच, चूक तिथल्या तिथे पकडली जाते. चार समीकरणांत ती शेवटी कळते, तीपण कळली तर.

एक (x−1) कटला, उरलं (4x+1)/((x−1)(x²+4)). परत झाका, x = 1 घाला, A = 5/5 = 1. परत वजा करा:

```
4x + 1 − (x²+4) = −x² + 4x − 3 = (x−1)(3−x)
```

परत (x−1) कटला आणि जे उरलं ते (3−x)/(x²+4). म्हणजे C = −1, D = 3, ते वेगळे काढावेच लागले नाहीत, आपोआप हातात आले.

खात्री करायला x = 0 घाला. मूळ गणितात 7/4 येतं, आपल्या उत्तरात −1 + 2 + 3/4, तेपण 7/4. अजून एक, दोन्ही बाजूंना x ने गुणून x खूप मोठा केला की डावीकडे शून्य उरतं आणि उजवीकडे A + C, म्हणजे A + C = 0 पाहिजे, 1 आणि −1, बरोबर. हे तोंडी होतं.

आता नुसता C का नाही. x²+4 ने भागलं की बाकी x च्या पहिल्या घातापर्यंत राहू शकते, म्हणून दोन अज्ञात लागतात. तुमच्याच गणितात वर फक्त D धरून बघा: डावीकडे x³ नाही म्हणून A = 0, B तर 2 आहेच, मग x² वरून D = 4 येतो आणि x वरून −2D = −3, म्हणजे दीड. दोन्ही एकदम खरं कसं असेल? असं भांडण लागलं की समजायचं मांडणीच चुकलीय, आकडेमोड नाही.

मग (x−1)² वर Px+Q का नाही, असं कोणी विचारेल. चालतं की! Px+Q म्हणजे P(x−1) + (P+Q), तोडलं की तेच A आणि B. फक्त इंटिग्रेशनला तोडलेलं सोपं पडतं:

```
ln|x−1| − 2/(x−1) − (1/2)ln(x²+4) + (3/2)tan⁻¹(x/2) + c
```

ही पद्धत सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. वरचा घात खालच्यापेक्षा लहान आहे ना, नसेल तर आधी भागाकार. आणि खालचं वर्गपद खरंच फुटत नाही ना, x²+x−2 सारखं दिसलं तर b²−4ac काढा, इथे 9 येतो, म्हणजे ते (x−1)(x+2) आहे आणि (x−1) शेजारी आधीच असेल तर त्याचा घात एकने वाढतो.

छेदात (x²+4)² आला तर मात्र (x−1) सगळे सोलून झाले तरी वरचं नुसतं पहिल्या घाताचं उरत नाही, घन येऊ शकतो. तेव्हा त्या उरलेल्याला x²+4 ने एकदा भागायचं, भागाकार x²+4 वर जातो आणि बाकी (x²+4)² वर.