परिपाठातील भाषण आणि रोजचा एक शब्द

“सोमवारी परिपाठात मला ‘रोज एक नवा शब्द शिकल्याने विचार बदलतात’ यावर बोलायचे आहे. मी रोज शब्द लिहितो, पण चार दिवसांत विसरतो आणि माझे विचार काही बदललेले नाहीत. मग हे सांगणे खोटे नाही का?”

नववीतील या मुलाची वही मी पाहिली. प्रत्येक शब्दापुढे एकच प्रतिशब्द होता. ‘असूया’पुढे ‘मत्सर’, ‘खंत’पुढे ‘दुःख’. जुन्या शब्दाला नवे नाव मिळाले होते, पण दोघांत फरक काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. विचार बदलत नव्हता तो त्यामुळेच.

शब्दाने नेमके काय बदलते, हे सांगताना मी त्याला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग समजावला. रशियन भाषेत फिकट निळ्याला ‘गोलुबोय’ आणि गडद निळ्याला ‘सीनिय’ असे वेगळे शब्द आहेत. दोन छटा या सीमेच्या दोन बाजूंना असल्या, की रशियन भाषकांना त्यांतला फरक अधिक लवकर ओळखता येई; इंग्रजी भाषकांत तसा फायदा दिसला नाही. मात्र त्याच वेळी मनात अंक घोळवत ठेवायला सांगितल्यावर रशियन भाषकांचा हा फायदाही नाहीसा झाला. म्हणजे शब्दाने डोळे बदलत नाहीत; तो त्या क्षणी मनात हजर असेल, तरच फरक करायला मदत करतो. भाषणात यापेक्षा मोठा दावा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आम्ही त्याच्याच एका वाक्याकडे वळलो. कबड्डीच्या संघात निवड झालेल्या मित्राबद्दल तो म्हणाला होता, “मला त्याचा राग येतो.” मी त्याला हेवा आणि असूया यांतील फरक लिहायला सांगितला. दुसऱ्याला मिळाले ते आपल्यालाही मिळावे असे वाटणे म्हणजे हेवा, आणि दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधणे म्हणजे असूया. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “त्याची पकड चांगली आहे हे मी मान्य करतो, सर. मला फक्त संघात जागा हवी होती.” रागात भांडणाखेरीज काही सुचत नव्हते, हेवा म्हटल्यावर मित्राकडून पकड शिकण्याचा मार्ग त्यालाच सुचला.

यानंतर वहीची रीत बदलली. नव्या शब्दाखाली त्याचा सर्वांत जवळचा ओळखीचा शब्द, दोघांतील फरक आणि त्याच दिवशीचा स्वतःचा एक प्रसंग लिहायचा. दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने वही न उघडता तो फरक आठवून सांगायचा. आठवड्यानंतर केवळ प्रतिशब्द आठवला, पण स्वतःचा प्रसंग सांगता आला नाही, तर तो शब्द अजून आलेला नाही असे समजून पुन्हा घ्यायचा. भाषणात त्याने शब्दांची यादी वाचली नाही. हेवा आणि असूया एवढ्या दोनच शब्दांवर तो बोलला.