डेटा अॅनालिस्टच्या मेलमधल्या दोन लिंका आणि त्यांच्यापुढची एक ओळ

प्रश्न: मी खानापूरचा. डेटा अॅनालिस्टच्या जागांसाठी गेले दोन महिने मेल पाठवालोय. मेलमध्ये गिटहबची एक लिंक असते, तिच्यापुढे ‘पायथन वापरून डेटा अॅनालिसिस प्रोजेक्ट’. आणि डॅशबोर्डची एक लिंक, तिच्यापुढे ‘इंटरॅक्टिव्ह पॉवर बीआय डॅशबोर्ड’. कुणाचंच उत्तर येईना. त्या एका ओळीत नेमकं लिहायचं काय?

उत्तर: डेटा कशाचा, तुम्ही त्याचं काय केलं आणि त्यातून काय निघालं, एवढं लिहा. तुमच्या दोन्ही ओळींत वापरलेल्या साधनाचं नाव आहे, कामाचं नाही. ‘पायथन वापरून’ हे सुताराने ‘रंधा वापरून’ म्हटल्यासारखं झालं. टेबल केलं की देव्हारा, ते कळत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात उत्पादनाचे आणि रिजेक्शनचे आकडे बघतो. आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी एखादी जागा निघते आणि आलेले मेल मीच वाचतो. बहुतेक वेळा फोनवर, चहाच्या सुट्टीत. रेझ्युमे नंतर उघडतो, आधी लिंक दाबतो, कारण ती एका बोटाच्या अंतरावर असते. गेल्या खेपेला आलेला एक मेल सविस्तर सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

जांबोटीकडची एक मुलगी, बीसीए झालेली. तिच्या ओळी जवळपास तुमच्यासारख्याच होत्या: ‘मिल्क डेटा अॅनालिसिस, पायथन’ आणि ‘पॉवर बीआय डॅशबोर्ड’. पहिली लिंक दाबली तर गिटहबचं 404 चं पान आलं. दुसरी दाबली तर लॉगिन मागितलं. अशा वेळी मी पुढच्या मेलवर जातो. पण ‘मिल्क’ या शब्दाने थांबलो. आमच्या घरचंही दूध डेअरीला जातं. फोन केला, तर ती म्हणाली, “सर, माझ्याकडं तर उघडालीय की!”

तिच्याकडे उघडणारच. रेपो प्रायव्हेट ठेवला असेल तर मालकाला तो नेहमीसारखा दिसतो आणि बाकी जगाला 404. ‘परवानगी नाही’ असं गिटहब सांगत नाही, असं काही नाहीच असं दाखवतं. पॉवर बीआयचंही तसंच. तिने ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला होता, `app.powerbi.com/groups/me/...` असा. ते तिचं स्वतःचं वर्कस्पेस, बाहेरच्याला तिथे प्रवेश नाही. सगळ्यांना दिसणारी लिंक `Publish to web` या पर्यायातून मिळते आणि तिची सुरुवात `app.powerbi.com/view?r=` अशी असते. म्हणजे पत्ता नुसता वाचूनही ती उघडेल की नाही ते सांगता येतं. खात्री करायची तर इन्कॉग्निटो खिडकीत उघडा, नाहीतर भावाच्या फोनवर पाठवून बघा.

दुसऱ्या दिवशी तिने लिंका दुरुस्त करून पाठवल्या आणि आत जे होतं ते बघून मला तिच्या त्या ओळीचा रागच आला. काम असलं चांगलं, आणि नाव ‘मिल्क डेटा अॅनालिसिस’!

तिचे काका गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालतात, प्रत्येकाचे लिटर आणि फॅट मशीनवर नोंदले जातात आणि त्या फॅटवर दर ठरतो. अकरा महिन्यांच्या अशा सुमारे 38 हजार नोंदी तिने घेतल्या होत्या. त्यांत 212 नोंदींत फॅट 0 होती. दुधाची फॅट 0 असूच शकत नाही. काकांना विचारल्यावर कळलं, लाईट गेली की मशीन बंद पडतं, तेव्हा वहीत लिटर लिहितात आणि फॅटच्या जागी शून्य टाकतात. शिवाय गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच रकान्यात होतं. गाईची फॅट साधारण साडेतीन-चार, म्हशीची सहाच्या वर. दोन्हींची मिळून सरासरी काढली तर जो आकडा येतो तो ना गाईचा ना म्हशीचा. तिने शून्यं बाजूला काढली, जनावरं वेगळी केली आणि मग बघितलं, तर म्हशीच्या संध्याकाळच्या दुधाची फॅट सकाळपेक्षा सरासरी 0.4 ने जास्त. गवळ्याला हे ठाऊकच असतं. रात्रीचं अंतर लांब असतं, त्यामुळे सकाळी दूध जास्त येतं पण पातळ असतं. पण डेटातून तेच निघालं म्हणजे डेटा नीट साफ झालाय, याचा तो पुरावा.

यातलं काहीही तिच्या मेलमध्ये नव्हतं. आम्ही फोनवर बसून ओळी नव्याने केल्या, त्या अशा:

```
कोड: github.com/username/milk-centre-fat
गावच्या दूध केंद्राच्या 11 महिन्यांच्या सुमारे 38 हजार नोंदी;
मशीन बंद असतानाची 0 फॅट काढून गाय-म्हैस वेगळी केली.

डॅशबोर्ड: app.powerbi.com/view?r=...
म्हशीच्या संध्याकाळच्या दुधाची फॅट सकाळपेक्षा 0.4 ने
जास्त; महिना निवडून फरक बघता येतो.
```

मेल इंग्रजीत पाठवायचा असेल तर इंग्रजीत लिहा, ऐवज हाच ठेवा. दोन ओळींची वाटणी बघा. कोडच्या ओळीत डेटा किती आणि त्यात काय बिघडलेलं होतं ते आलंय, कारण रेपो उघडणारा तेच शोधतो. डॅशबोर्डच्या ओळीत निष्कर्ष आलाय, कारण डॅशबोर्ड उघडणाऱ्याला उत्तर हवं असतं. पायथन, पॉवर बीआय ही नावं रेझ्युमेत आहेतच. लिंक पूर्ण दिसू द्या, ‘इथे क्लिक करा’ खाली लपवू नका. आणि लिंक छोटी करून देणाऱ्या साइटचा पत्ता तर नकोच, अनोळखी माणसाकडून आलेली तसली लिंक मी तरी दाबत नाही.

ओळीत आकडा लिहिला की मात्र एक जबाबदारी येते: तो आकडा मेलमध्ये, रेपोत आणि डॅशबोर्डवर, तिन्ही ठिकाणी तोच हवा. इथेच ती अडकली होती. तिच्या `README.md` मध्ये म्हशीची सरासरी फॅट 6.6 होती आणि डॅशबोर्डच्या मोठ्या कार्डावर 7.1. मी विचारलं, खरा कुठला? ती गप्प झाली. मग तिनेच शोधून काढलं. पॉवर बीआयमध्ये फॅटचा रकाना ओढून ‘अॅव्हरेज’ निवडलं की तो प्रत्येक नोंदीला सारखं वजन देतो. समजा एकाने 2 लिटर घातलं, फॅट 8, आणि दुसऱ्याने 18 लिटर, फॅट 6. नुसती सरासरी 7 येते. पण कॅनमधल्या 20 लिटर दुधाची फॅट 6.2 आहे, आणि डेअरी पैसे देणार ते 6.2 चे. पायथनमध्ये तिने लिटरचं वजन देऊन हिशेब केला होता, डॅशबोर्डमध्ये राहून गेला होता. त्या कार्डासाठी मेजर असं लिहावं लागतं:

```
Avg Fat = DIVIDE(
    SUMX(Milk, Milk[Litre] * Milk[Fat]),
    SUM(Milk[Litre])
)
```

मग 0.4 चा फरकही तिने याच पद्धतीने पुन्हा काढून बघितला. तो टिकला, म्हणून ओळीत राहिला. नसता टिकला तर ओळ बदलावी लागली असती. तुम्हीही मेल पाठवण्याआधी ओळीतला आकडा डॅशबोर्डवर बोट ठेवून दाखवता येतो का ते बघा. मुलाखतीत मी पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि माझ्यासारखे बरेच असतील.

तुमच्याकडे घरचा डेटा नसेल, सरकारी पोर्टलवरचा असेल, तरी चालतं. आपल्याकडच्या डेटात तर लिहिण्याजोगं काम आयतंच मिळतं. जिल्ह्याचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं. आपण घरात बेळगावच म्हणतो ते सोडा, पण जुन्या फाइलींत `Belgaum` असतं आणि नव्यांत `Belagavi`. दोन्ही जोडल्या की एका जिल्ह्याचे दोन होतात आणि आलेखात एक रेघ मध्येच तुटून दुसरी सुरू होते. ‘जुनी-नवी जिल्ह्यांची नावं जुळवून सलग मालिका केली’ एवढं त्या ओळीत आलं, तरी समोरच्याला कळतं की या माणसाने फाइल खरोखर उघडून बघितलीय.

आता एक गोष्ट, जी तिच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकली. रेपोमधल्या फाइलीत दूध घालणाऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर होते. मी सांगितल्यावर तिने ती फाइल काढून टाकली, पण गिटमध्ये फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते. ‘कमिट्स’वर दाबून मागे गेलं की सगळी नावं जशीच्या तशी. त्यातून पॉवर बीआयची `.pbix` फाइलही रेपोत होती. डेटा इम्पोर्ट केलेला असला की तो त्या फाइलीच्या आतच असतो, पडद्यावर रकाना लपवला तरी. शेवटी तिने जुना रेपो पूर्ण डिलीट केला, नावांच्या जागी S01, S02 असे क्रमांक घातले, डॅशबोर्ड त्यावरून पुन्हा बांधला आणि नवा रेपो टाकला. जुनी `Publish to web` लिंकही रद्द केली, कारण तिच्यामागे तोच नावांचा डेटा होता. काकांना विचारून घेतलं होतं का, तर तेही नंतरच. दुकानाचा, पतसंस्थेचा, इंटर्नशिपच्या ठिकाणचा डेटा असेल तर तुम्ही आधी विचारा आणि ‘नावं काढून, परवानगीने’ असं `README.md` मध्ये लिहा.

तुमचं पॉवर बीआयचं खातं बहुतेक कॉलेजच्या मेलवर असणार, कारण जीमेलवर ते उघडता येत नाही. त्यात दोन अडचणी आहेत. `Publish to web` कॉलेजच्या अॅडमिनने बंद ठेवलेलं असू शकतं, आणि कॉलेज सुटल्यावर ते खाते बंद झालं की मेलमधली लिंकही गेली. दोन महिने उत्तर येत नाहीये म्हणता, तेव्हा आज आधी तेवढं तपासा. बंद असेल तर तोच डॅशबोर्ड टॅब्लो पब्लिक किंवा लुकर स्टुडिओवर बांधा, दोन्ही स्वतःच्या मेलवर फुकट चालतात. लुकरमध्ये शेअर करताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पुन्हा लॉगिनचंच पान. तोवर डॅशबोर्डचा एक स्क्रीनशॉट `README.md` च्या अगदी वर लावून ठेवा, म्हणजे डॅशबोर्डची लिंक नाही उघडली तरी रेपोत आलेल्या माणसाला तो दिसेल.