गणांना रंग देऊ नका

"दहावीला विज्ञान शिकवते, गाव अमळनेरजवळ. आवर्तसारणीच्या गणांसाठी पत्त्यांचा खेळ केला. खेळताना मुलं पटापट जोड्या लावतात, पण पेपरात हॅलोजनचे गुणधर्म विचारले की कोरं. काय चुकतंय?"

ताई, प्रत्येक गणाला वेगळा रंग दिलाय ना? मग मुलं हिरव्याला हिरवं जोडत असणार, केमिस्ट्रीशी त्यांचा संबंधच येत नाही. माझा पहिला संच काळ्या शाईचा होता. प्रदर्शनाआधी एका कार्यालयात दाखवायला नेला, तर "आकर्षक नाही, गणवार रंग द्या" म्हणून परत पाठवला. छपाईचे पैसे माझ्या खिशातून गेले आणि चांगला चाललेला खेळ बसला. शेरा मारणाऱ्याने एक डाव तरी खेळून बघायचा! असो.

आता मेंढीकोटच्या वळणाने खेळवतो, फक्त हुकूम नाही. गण १, २, १७, १८ मधली वरची चार-चार मूलद्रव्यं, म्हणजे १६ पानं, चौघांना चार-चार. हायड्रोजन वगळलाय, त्याच्यावरून भांडणं होतात. पानावर फक्त संज्ञा आणि अणुअंक. ज्या गणाची उतारी, त्याच गणाचं पान द्यायचं, नसेल तर कुठलंही. कोणतं पान कुठल्या गणाचं हे ज्याचं त्याने ओळखायचं. हेलियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन बघून पोरं तो हमखास दुसऱ्या गणात टाकतात, म्हणून मुद्दाम ठेवलाय.

हात कोणाचा, हे अभिक्रियाशीलता ठरवते. गण १ आणि २ मध्ये खालचा जिंकतो, सोडियमवर पोटॅशिअम. गण १७ मध्ये उलट, वरचा जिंकतो. समजा क्लोरीनची उतारी झाली, पुढच्याने ब्रोमीन दिलं, तिसऱ्याने फ्लुओरीन, चौथ्याकडे हॅलोजन नाही म्हणून अरगॉन. हात फ्लुओरीनचा. क्लोरीन ब्रोमीनला हटवतं हे प्रयोगशाळेतही दाखवता येतं: पोटॅशिअम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीनचं पाणी घातलं की नारिंगी-तपकिरी रंग येतो. अठराव्या गणाची उतारी असेल तर अभिक्रियाच नाही, हात कोणाचाच नाही.

खरी गंमत पुढे आहे. हात उचलण्याआधी त्या गणाचा असा गुणधर्म सांगायचा, जो बाकी तीन गणांना लागू नाही. "धातू आहे" म्हटलं की समोरचा कापतो, कारण गण १ आणि २ दोन्ही धातू. "संयुजा १" सुद्धा कटते, सोडियमची १ आणि क्लोरीनचीही १. "क्लोराइडचं सूत्र MCl₂" हे दुसऱ्या गणाला चालतं. "रेणूत दोन अणू" हॅलोजनला चालतं. या कापाकापीतच गुणधर्म पाठ होतात, असा माझा अनुभव. तुमच्या वर्गाचं तुम्ही बघा.

आवर्तनं मात्र यातून कळत नाहीत, ती फळ्यावरच शिकवा. आणि जुन्या लग्नपत्रिकांची पानं करणार असाल तर मागे खाकी कव्हर चिकटवा, नाहीतर पोरं मागच्या छपाईवरून पान ओळखतात.