चपाती सोडण्याआधी रक्त तपासा

प्रश्न : दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. आता गव्हाचाही संशय येतोय. दोन्ही त्रास एकच का?

नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात कमी पडलं, की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतो, आणि दूध जितकं जास्त तितका जास्त. आतड्याला मात्र इजा होत नाही.

सीलिअ‍ॅक या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे, म्हणजे व्हिली, झिजून सपाट होतात आणि अन्न शोषलं जात नाही. म्हणून इथे पोटापलीकडची लक्षणं जास्त बोलकी असतात : न हटणारा अ‍ॅनिमिया, वजन घटणं, वारंवार तोंड येणं, मुलांची उंची खुंटणं, हाडं ठिसूळ होणं, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड. काहींना जुलाबांऐवजी बद्धकोष्ठ असतो, काहींचं पोट अजिबात कुरकुरत नाही. चपाती खाल्ल्यावर लगेच काही झालं नाही, म्हणून सीलिअ‍ॅक नाही, असं धरता येत नाही.

गोंधळ होतो तो एका कारणाने. लॅक्टेज तयार होतं व्हिलींच्या टोकांवर, आणि सीलिअ‍ॅकमध्ये झिजतात तीही आधी टोकंच. त्यामुळे दूध न पचणं हा कधी स्वतंत्र त्रास असतो, तर कधी सीलिअ‍ॅकचा परिणाम.

प्रश्न : वय ३१. हिमोग्लोबिन ८.९ होतं, तीन महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही ९.२. अधूनमधून पातळ शौच. ब्रेथ टेस्टमध्ये लॅक्टोज पचत नाही असं आलं, दूध बंद केलं. पोट फुगणं कमी झालं, थकवा तसाच. अजून काय सोडू?

आणखी काहीही सोडू नका. तुमचा खरा प्रश्न दुधाचा नसून लोहाचा आहे. गोळ्या नीट शोषल्या जात असतील, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने तरी वाढायला हवं. तुमचं तीन महिन्यांत ०.३ वाढलंय. लॅक्टोज न पचण्याने असं होत नाही. पाळीत जास्त रक्त जातं का, हे डॉक्टर पाहतीलच. पण लोह ज्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, सीलिअ‍ॅकचा मार तिथेच सर्वांत जास्त असतो.

ब्रेथ टेस्टने काय सांगितलं तेही नेमकं समजून घ्या. उपाशीपोटी साधारण २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि तीन तासांपर्यंत श्वासातला हायड्रोजन मोजतात. तो सुरुवातीपेक्षा २० पीपीएम किंवा जास्त वाढला, तर लॅक्टोज नीट पचत नाही असं ठरतं. ते का पचत नाही, हे ही चाचणी सांगत नाही. शिवाय २५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर दुधातलं लॅक्टोज. चहातलं दूध, दही, तूप बहुतेकांना चालतं, त्यामुळे सगळंच बंद करायची गरज क्वचितच असते.

आता करायचं ते असं. चपाती रोजच्यासारखी चालू ठेवून रक्तात टीटीजी-आयजीए, म्हणजे सीलिअ‍ॅकमध्ये वाढणारी अँटिबॉडी, आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी, अशा दोन तपासण्या करा. दुसरी विसरली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. काहींच्या शरीरात मुळात आयजीएच फार कमी असतं. मग सीलिअ‍ॅक असूनही टीटीजी-आयजीए निगेटिव्ह दिसते. अशा वेळी आयजीजी प्रकारची चाचणी लागते. टीटीजी वाढलेली आली, तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून निदान चार तुकडे, आणि त्याच्या अगदी तोंडाजवळून एक-दोन, बायोप्सीसाठी घ्यावे लागतात. इजा ठिकठिकाणी विखुरलेली असू शकते, एकाच तुकड्यात ती निसटते. बायोप्सी होईपर्यंतही गहू चालूच.

सीलिअ‍ॅक निघाला आणि ग्लूटेन बंद झालं, तर काही महिन्यांनी अस्तर भरून येतं आणि दूध पुन्हा पचू लागण्याची बरीच शक्यता असते.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी गहू सोडला, फार बरं वाटतंय. आता टीटीजी केली, निगेटिव्ह आली. म्हणजे सीलिअ‍ॅक नाही ना?

या रिपोर्टवरून काहीच म्हणता येत नाही. ग्लूटेन थांबलं की अँटिबॉडी उतरू लागतात, अस्तर सुधारू लागतं. रक्त आणि बायोप्सी दोन्ही नॉर्मल दिसू शकतात, आणि तो नॉर्मलपणा गहू सोडल्याचाही असू शकतो. बरं वाटणं हाही पुरावा नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात, त्यांनी अनेकांचं पोट फुगतं. सीलिअ‍ॅक नसलेल्यांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र निदान होत नाही, कारण निरोगी माणसांतही ही जनुकं सर्रास आढळतात.

दुसरी वाट म्हणजे ठरवून पुन्हा गहू खाणं. साधारण ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज दोन चपात्या, शक्यतो दोन जेवणांत विभागून, सहा ते आठ आठवडे खाल्ल्या की तपासणीवर भरवसा ठेवता येतो. त्रास सोसवेना, तर निदान दोन आठवडे काढून डॉक्टरांशी बोला. मात्र इतक्या लवकर आलेला निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरू नका. गरोदर असाल, मूल लहान असेल किंवा आधी फार तीव्र त्रास झाला असेल, तर हे स्वतःच्या मनाने करायचं नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण सीलिअ‍ॅकचं पथ्य जन्मभराचं आणि कडक असतं. बरेच जण रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनही सोसू शकत नाहीत, म्हणजे चपातीचा एक लहानसा कपटा. लग्नाच्या पंगतीत किंवा प्रवासात ‘थोडं चालेल’ असं म्हणायचं की नाही, हे पक्क्या निदानाशिवाय ठरणार कसं? आई-वडील, भावंडं, मुलं यांची तपासणीही त्यावरच अवलंबून असते.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, उंची वाढत नाही. टीटीजी मर्यादेच्या दहापटींहून जास्त आहे. एंडोस्कोपी टाळता येईल?

बऱ्याचदा हो. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, टीटीजी-आयजीए दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसऱ्या अँटिबॉडीची चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं. निर्णय मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनी तुमच्याशी बोलून घ्यायचा. तो दुसरा नमुना जाईपर्यंत डब्यातली चपाती बंद करू नका.

प्रश्न : निदान पक्कं झालंय. घरात ज्वारी-बाजरीची भाकरी असतेच. तेवढं पुरेल ना?

धान्य योग्य आहे, अडचण गिरणीत होते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर ज्वारी दळली की पिठात गहू येतोच. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच दळू नका. पोळपाट, लाटणं, तवा आणि पिठाची चाळणी वेगळी ठेवा. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, पाकीट वाचून घ्या. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू किंवा जव असू शकतो. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करा. ती उतरत नसेल, तर आधी पीठ कुठे दळलं जातं ते तपासा.