स्लाइडवर मराठी वाक्य कुठे तोडावं?

प्रश्न: स्लाइडवर लांब मराठी वाक्यं भलतीकडेच तुटतात. जोडशब्दाचा अर्धा भाग वर, अर्धा खाली. कधी वाक्य पुढच्या स्लाइडवर न्यावं लागतं. कुठे आणि कसं तोडावं?

उत्तर:

आधी शुद्धलेखन तपासा. सॉफ्टवेअर ओळ तोडतं ती मोकळ्या जागेवर किंवा संयोगचिन्हानंतर. ‘पाणी पुरवठा’, ‘अभ्यास क्रम’, ‘परवानगी शिवाय’ असं सुटं लिहिलंत तर त्याच्या लेखी ते दोन शब्द, आणि मधली जागा तोडायला मोकळी. मराठीत सामासिक शब्द आणि शब्दयोगी अव्ययं जोडूनच लिहायची असतात: पाणीपुरवठा, अभ्यासक्रम, परवानगीशिवाय. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या स्लाइडांमधली बरीचशी तुटातूट एवढ्यानेच थांबते.

आता जोडून लिहिता येत नाहीत, पण फुटताही कामा नयेत अशा जोड्या. हे वाक्य घ्या:

‘प्रयोगशाळेतील कोणत्याही रसायनाची बाटली शिक्षकांच्या परवानगीशिवाय उघडू नये आणि वापरून झाल्यावर तिचे झाकण घट्ट बसवून ती मूळ जागी परत ठेवावी.’

चौकट जरा अरुंद असली की ते असं पडतं:

प्रयोगशाळेतील
कोणत्याही रसायनाची
बाटली शिक्षकांच्या
परवानगीशिवाय उघडू
नये आणि वापरून…

चौथी ओळ पुन्हा वाचा. ‘परवानगीशिवाय उघडू’! मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘नये’, ‘नाही’, ‘नका’ क्रियापदापासून सुटले की क्षणभर उलटाच अर्थ डोळ्यांपुढे राहतो. ‘नये’ पुढच्या स्लाइडवर गेलं तर तो क्षण आणखी लांबतो. म्हणून क्रियापद आणि त्याचा नकार ही जोडी मी सगळ्यात आधी बांधतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ‘शिक्षकांच्या’ लटकलंय, तेही वाईट. चा, ची, चे, च्या लागलेला शब्द पुढच्या नामावर टेकलेला असतो, त्याच्यानंतर तोडायचं नाही. विशेषण आणि नाम, आकडा आणि एकक यांचंही तसंच.

हे वाक्य मी दोन स्लाइडांवर असं ठेवीन. पहिली:

प्रयोगशाळेतील कोणत्याही रसायनाची बाटली
शिक्षकांच्या परवानगीशिवाय उघडू नये.

दुसरी:

वापरून झाल्यावर बाटलीचे झाकण घट्ट बसवून
ती मूळ जागी परत ठेवावी.

‘तिचे’च्या जागी ‘बाटलीचे’ केलंय, कारण बाटली आदल्या स्लाइडवर राहिली आणि नुसतं ‘तिचे’ म्हटल्यावर कुणाचे ते कळत नाही. ‘आणि’ गाळलं, कारण आता ती दोन स्वतंत्र वाक्यं झाली. कविता, ठराव किंवा कायद्याचं कलम असेल तर शब्द बदलता येणार नाहीत. तिथेही तोड हीच ठेवा, फक्त पूर्णविराम घालू नका आणि ‘आणि’ दुसऱ्या स्लाइडच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे वाक्य मागून चालत आलंय हे दिसतं. ‘जेव्हा… तेव्हा’, ‘जर… तर’ अशा वाक्यांत सांधा आयताच मिळतो: ‘तेव्हा’च्या किंवा ‘तर’च्या आधी.

बांधायचं कसं? ‘उघडू’ आणि ‘नये’ यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस घाला. पॉवरपॉइंटमध्ये `Insert` > `Symbol` मध्ये जाऊन `00A0` हा कोड द्या, लिब्रेऑफिसमध्ये `Ctrl+Shift+Space`, मॅकवर `Option+Space`. एकदा घातली की तीच कॉपी करून वापरता येते. ‘ने-आण’, ‘आई-वडील’ यांसाठी न तुटणारं संयोगचिन्ह आहे, `2011`, पण ते कित्येक देवनागरी फॉन्टांत नसतं. मग ते दुसऱ्या फॉन्टातून उचललं जातं आणि वेगळ्याच जाडीचं दिसतं, किंवा चौकोन उमटतो. तसं झालं तर साधं चिन्हच राहू द्या आणि अख्खा शब्द खालच्या ओळीवर न्या.

ओळ स्वतः तोडताना `Shift+Enter` वापरा. नुसत्या `Enter`ने नवा परिच्छेद होतो आणि बुलेट लागते. मात्र हे काम अगदी शेवटी, फॉन्ट आणि त्याचा आकार पक्का झाल्यावर करा, आणि त्याआधी चौकटीचं आपोआप आकार बदलणं `Do not Autofit`ने बंद करा. दुसऱ्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर अक्षरांची रुंदी बदलते. `Shift+Enter` तिथेच राहतो, पण त्याच्या आधीची ओळ चौकटीत मावत नाही आणि एखादा शब्द एकटाच खाली घरंगळतो. न तुटणाऱ्या स्पेसने बांधलेली जोडी मात्र एकत्रच सरकते. म्हणून फाइल देण्याआधी एका प्रतीत सगळ्या मजकुराचा फॉन्ट मुद्दाम बदलून बघा. ‘मंगल’मध्ये केलं असेल तर ‘निर्मला’ लावा. ज्या जोड्या फुटतील त्या बांधायच्या राहिल्यात असं समजा. स्लाइडांमध्ये नंतर कुणी बदल करणार नसेल तर सरळ पीडीएफ करून द्या.