दोन रंगांत अंक काढताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

काळ्यासोबतचा स्पॉट रंग गडद घ्या, लाल किंवा निळा. पिवळ्यात मथळा वाचताच येत नाही. चारऐवजी दोनच प्लेटा लागतात, खरी बचत तिथे.

चौकटीमागे लालाचा २० टक्के टिंट, म्हणजे ठिपक्यांनी हलका केलेला लाल, टाकला की गुलाबी छटा फुकटात मिळते. बारीक अक्षरं मात्र टिंटमध्ये नकोत, ठिपक्यांमुळे कडा फाटतात.

तिसरा रंग ओव्हरप्रिंटमधून काढा. पूर्ण लालावर ४० टक्के काळा चढवला की गडद विटकरी येतो. गोम अशी की इनडिझाइनमध्ये १०० टक्के [Black] आपोआप ओव्हरप्रिंट होतो, पण त्याचा टिंट आपोआप ओव्हरप्रिंट होत नाही. टिंट खालचा लाल कोरून काढतो आणि नुसता राखाडी उरतो. म्हणून Attributes मध्ये Overprint Fill वर टिक करा. पांढऱ्या अक्षरांना ती टिक लागली तर छपाईत अक्षरंच गायब!

नवख्यांची नेहमीची चूक:

- फोटो रंगीतच ठेवणं. ते ग्रेस्केल करा.
- फाइल न तपासता पाठवणं. Separations Preview मध्ये काळा आणि लाल दोन्ही बंद करा. पान कोरं दिसलं पाहिजे. काही उरलं तर ते तिसऱ्या प्लेटवर जातंय.

ठिपक्यांच्या जाळीचे कोन प्रेसवाल्यावर सोडा. दोन्ही रंगांचे वेगवेगळे ठेवायला तेवढं सांगा.