रजेच्या अर्जातलं ते एक वाक्य लिहू नका

प्रश्न: खासगी कंपनीत तीन वर्षं अकाउंट्स बघते. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी 14 सप्टेंबर 2026 तारीख दिलीय. मला 24 ऑगस्टपासून रजा हवीय. एचआर हेड म्हणतात, ‘काम कोण बघणार ते लिहा आणि रजेत आठवड्यातून दोनदा ऑनलाइन येईन असं कबूल करा, मगच मंजुरी.’ अर्ज कसा लिहू?

उत्तर: काम कोण बघणार, ते जरूर लिहा. ‘ऑनलाइन येईन’ हे मात्र चुकूनही लिहू नका. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार या रजेच्या नोटिशीत ‘लाभ घेत असलेल्या काळात मी कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही’ असं तुम्हालाच लिहून द्यावं लागतं. आणि रजेत काम केलं, तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो. आधीच्या मातृत्व लाभ कायद्यातही हेच होतं. म्हणजे साहेब जी कबुली मागताहेत, ती उद्या तुमच्याच विरोधात वापरता येईल. शिवाय प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तुम्हाला कामाला लावायला मालकालाच बंदी आहे.

आता तारखा. पहिल्या बाळंतपणाला 26 आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त आठ अपेक्षित तारखेच्या आधी. तुम्ही 20 जुलैपासूनही रजा घेऊ शकला असता. 24 ऑगस्टपासून घेतलीत, तर ती 21 फेब्रुवारी 2027 ला संपते आणि 22 तारखेच्या सोमवारी तुम्ही रुजू होता. बाळ चार दिवस उशिरा आलं, म्हणून शेवटची तारीख पुढे सरकत नाही. अर्जात दोन्ही तारखा स्पष्ट घाला, ‘सुमारे सहा महिने’ असं मोघम नको. लाभाची रक्कम तुमच्या गैरहजेरीत कोणाला द्यायची, त्या व्यक्तीचं नावही लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

कामाचा परिच्छेद एवढाच पुरे: ‘माझ्याकडची व्हेंडरची बिलं, जीएसटी रिटर्न आणि बँक रिकन्सिलिएशन यांची यादी सोबत जोडली आहे. 10 ते 21 ऑगस्ट या काळात, आपण नेमाल त्या सहकाऱ्याला मी हे काम समजावून देईन.’ ‘आपण नेमाल’ हे शब्द मुद्दाम घातलेत. बदली माणूस शोधणं ही कंपनीची जबाबदारी. तुम्ही एखाद्या सहकाऱ्याचं नाव दिलंत आणि तो ऐन वेळी नाही म्हणाला, तर अर्जच अडकवून ठेवायला निमित्त मिळतं. मुळात अशी नोटीस मिळाली, की मालकाने रजा द्यायचीच असते. कामाची सोय लागली नाही म्हणून ती नाकारता येत नाही.

अर्ज ईमेलने पाठवा, समोर बसून झालेल्या बोलण्यावर विसंबू नका. साहेबांनी पुन्हा ऑनलाइनचा आग्रह धरला, तर ‘कृपया हे लेखी कळवावं’ एवढंच उत्तर द्या. माझ्या अनुभवात, यानंतर बहुतेकदा काहीच लेखी येत नाही.